अंगावर पीत पीतच झोपणारं बाळ : ही सवय न रडवता कशी सैल करायची

बाळ अंगावर पिता पिता झोपतं यात बिघडलेलं काहीच नाही. चोखण्याने बाळ शांत होतं, पोट भरलं की पेंग येते, आणि रात्रीच्या दुधात झोप आणणारं मेलाटोनिनही असतं. पाजून झोपवणं ही मुळात चांगली चालणारी सोय आहे. आईला तिचा त्रास होत नसेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवला तरी चालेल. शेजारच्या बाईचं बाळ रात्रभर झोपतं, एवढ्या कारणासाठी यात पडू नये.

त्रास होतो तो साधारण दोन ठिकाणी. एक, बाळ रात्री पाच-सहा वेळा उठतं आणि दर वेळी तोंडात स्तन आल्याशिवाय परत झोपत नाही. दोन, प्रसूती रजेचे २६ आठवडे संपून आई कामावर जाते आणि आजीला किंवा बाबाला बाळ झोपवताच येत नाही. दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे, आणि ती दूध नव्हे. डोळे मिटण्याचा शेवटचा क्षण बाळ तोंडात स्तन असतानाच अनुभवतं, ही ती गोष्ट. म्हणून पाजणं बंद करायचं नाही. पाजणं आणि डोळा लागणं यांच्यात थोडी फट पाडायची. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं ही फट हळूहळू रुंद करण्याबद्दल आहे.

रात्री असं का होतं

लहान बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं. आवर्तन संपलं की झोप उथळ होते, बाळ चुळबुळतं, क्षणभर अर्धवट जागं होतं. मोठ्या माणसांचंही असंच होतं, पण आपण कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळ त्या क्षणी आजूबाजूचं सगळं झोपताना होतं तसंच आहे का, याची चाचपणी करतं. मांडीवर, तोंडात स्तन घेऊन झोपलेलं बाळ पाळण्यात एकटं जागं झालं, तर ते दचकणारच. आपण सोफ्यावर डोळा लागून गॅलरीत जागे झालो तर आपणही ओरडू.

रात्रीचे पहिले दोन-तीन तास झोपेची ओढ जोरात असते, त्यामुळे त्या वेळी बाळ पुष्कळदा आपोआप पुढच्या आवर्तनात जातं. मध्यरात्रीनंतर झोप उथळ होत जाते आणि मग दर तासा-दीड तासाने हाक येते. सुरुवात कुठून करायची तेही यातूनच ठरतं. रात्रीच्या पहिल्या झोपवण्यापासून. पहाटे चार वाजता नवा प्रयोग करायला गेलात तर बाळाकडे झोपेची ओढ उरलेली नसते आणि तुमच्याकडे धीर.

कधी सुरू करू नये

चार महिन्यांच्या आतल्या बाळावर यातलं काही करू नये. दिवस-रात्रीचं घड्याळच तोवर बसलेलं नसतं. सहा महिन्यांपर्यंत बाळ निव्वळ दुधावर असतं आणि रात्रीची भूक खरी असते, त्यामुळे पुढची पद्धत सहा महिने उलटून वरचं अन्न रुळलेल्या बाळासाठी आहे. त्याआधी फार तर अंगाई आणि थापटणं जोडायला सुरुवात करावी. वजन नीट वाढत नसेल, बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा डॉक्टरांनी रात्री पाजायला सांगितलं असेल, तर आधी त्यांना विचारा.

ताप, सर्दी, हिरड्या सुजणं, लसीचा दिवस आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस, गावाला जाणं, पाळणाघराचा पहिला आठवडा, या दिवसांत सुरुवात करू नका. आई कामावर रुजू होणार असेल, तर आदल्या रविवारी नव्हे, किमान महिनाभर आधी सुरू करा.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण ती अजून घरोघरी चालते : झोपेसाठी जायफळ उगाळून चाटवू नका. त्याची मात्रा हाताने ठरत नाही आणि जास्त गेलं तर बाळाला विषबाधा होते. गुंगी आणणारं सर्दीचं औषधही नको, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको.

आधी तीन रात्री नुसतं लिहा

काही बदलू नका. उशाशी कागद-पेन ठेवा आणि बाळ किती वाजता उठलं, किती वेळ प्यायलं आणि कसं प्यायलं, एवढंच लिहा. यातलं ‘कसं’ सगळ्यांत महत्त्वाचं. भुकेने पिणारं बाळ लांब, सावकाश ओढ घेतं आणि एक-दोन चोखण्यांनंतर घोट गिळल्याचा हलका आवाज येतो. हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते, परत वर येते. झोपेपुरतं चोखणारं बाळ मात्र हनुवटी भरभर थरथरवतं, घोट जवळजवळ ऐकूच येत नाही आणि दोन-तीन मिनिटांत ते ढिलं पडतं.

तिसऱ्या रात्रीनंतर कागद पाहिला की बहुतेक वेळा दिसतं : पाच जागरणांपैकी एक-दोन भुकेची आहेत, बाकीची ‘मला परत झोपव’ म्हणणारी. भुकेची पाजणी तशीच ठेवायची. आपलं काम बाकीच्यांपुरतं आहे.

दिवसाचं दूधही याच कागदावर तपासा. सात-आठ महिन्यांची बाळं दिवसा रांगण्याच्या नादात धड पीत नाहीत आणि ती भरपाई रात्री करतात. दिवसा दोन-तीन वेळा शांत, अंधाऱ्या खोलीत नेऊन पाजलं आणि संध्याकाळी तूप घातलेला गुरगुट्या वरण-भात किंवा नाचणीची खीर पोटभर दिली, की रात्रीची एखादी पाजणी तेवढ्यानेच गळते. फक्त नवा पदार्थ रात्री पहिल्यांदा देऊ नका. तो पोटाला मानवला नाही तर रात्र वाया जाईल आणि कारणही कळणार नाही.

पहिला आठवडा : काढायचं काही नाही, जोडायचं

इथेच बहुतेक घरांत घाई होते. एके रात्री स्तन काढून घेतात आणि त्याच्या जागी थापटायला लागतात. बाळाला त्या थापटण्याचा काही अर्थ माहीत नसतो. त्याच्या दृष्टीने एक हवीशी गोष्ट गेली आणि वर पाठीवर धपाधप सुरू झालं.

म्हणून सात ते दहा दिवस पूर्वीसारखंच पाजत झोपवा, पण पाजताना तीन गोष्टी रोज त्याच ठेवा. एकच अंगाई, तीही हळू आवाजात. कुल्ल्यावर किंवा पाठीवर सावकाश थापटणं, आपल्या शांत श्वासाच्या लयीत. आणि झोपण्याचा एकच शब्द, ‘गाई गाई’ किंवा घरात जो असेल तो. थापटणं सुरू करायची वेळ नेमकी आहे : बाळाची चोखण्याची गती मंदावली, पापण्या जड झाल्या, की तेव्हा. आठवडाभरात थापटणं आणि डोळा लागणं यांची गाठ बसते. ही गाठ बसली म्हणजे काढून घ्यायच्या वस्तूच्या जागी काहीतरी ओळखीचं उरतं.

थापटणं हीसुद्धा सवयच झाली ना, असं कोणी म्हणेल. झाली. पण ती बाबाला, आजीला, पाळणाघरातल्या ताईंना जमते, आणि पुढे तिचा जोर कमी करत नेणं सोपं असतं. झोळीचं तसं नाही. स्तन सोडवून झोळी लावली तर रात्री पाच वेळा झोळी हलवावी लागते. शिवाय झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडखळू शकतो, म्हणून रात्रभराच्या झोपेसाठी ती नकोच.

दुसरा आठवडा : झोपायच्या जरा आधी सोडवणं

बाळ जिथे रात्रभर झोपणार तिथेच आडवं होऊन पाजा. मांडीवरून गादीवर ठेवताना होणारं दचकणं त्यामुळे टळतं. गादी घट्ट असावी. बाळाच्या तोंडाजवळ उशी, मोहरीची उशी, गोधडीची घडी काही नको. झोपताना बाळ पाठीवर असावं. आई-बाबांपैकी कोणी धूम्रपान करत असेल, दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, तर बाळाला त्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर झोपवावं.

आता घोट थांबून हनुवटीची थरथर सुरू होईपर्यंत वाट पाहा. मग स्वच्छ करंगळी, नख कापलेली, बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून वरच्या-खालच्या हिरड्यांच्या मधे न्या. पकडीची हवा सुटल्याचं जाणवतं. करंगळी तिथेच ठेवून स्तन बाहेर काढा, मग करंगळी काढा, आणि लगेच दोन बोटांनी हनुवटी खालून अलगद वर टेकवून ओठ मिटलेले ठेवा. नुसतं ओढून काढलं तर पकड घट्ट असते, बोंडाला इजा होते आणि बाळ दचकून आणखी जोरात धरतं. दात आलेलं बाळ अशा वेळी चावतं, ते याच कारणाने.

स्तन काढल्यावर बाळ तोंड उघडून शोधायला लागेल. हनुवटीवरचं बोट तसंच ठेवून, थापटत मनात दहापर्यंत मोजा. शोधणं थांबलं तर उत्तम. थांबलं नाही, किरकिर वाढायला लागली, तर परत द्या, परत थरथर येईपर्यंत थांबा, परत काढा. पहिल्या रात्री हे पाच-सहा वेळा करावं लागतं आणि शेवटी बाळ स्तन तोंडात असतानाच झोपतं. ते चालेल. सहाव्यांदा नाही जमलं तर त्या रात्रीपुरतं सोडून द्या. मोजणी दर दोन रात्रींनी थोडी वाढवा : दहा, पंधरा, वीस.

चूक होते ती सोडवण्याच्या क्षणात. दूध अजून येत असताना काढलं तर बाळ चिडतं, ते बरोबरच आहे, त्याचं जेवण चाललंय. उलट पूर्ण ढिलं पडल्यावर, मुठी उघडल्यावर काढलं तर बाळ शिकत काहीच नाही, कारण ते आधीच झोपलेलं असतं. पापण्या जड पण पूर्ण मिटलेल्या नाहीत, मूठ अर्धी उघडी, ही ती वेळ.

किरकिर आणि रडणं

‘न रडवता’ म्हणजे एक हूं की चूं होऊ न देता, असं नाही. किरकिरीला मधे खंड असतात. आवाज चढतो, उतरतो, बाळ थांबून तुमची चाहूल घेतं, थापटण्याला थोडा तरी प्रतिसाद देतं. ती मिनिटभर चालू द्यायला हरकत नाही. रडणं सलग असतं. चेहरा लाल, पाठ ताठ कमानीसारखी, मुठी आवळलेल्या. असं झालं की लगेच कुशीत घ्या, उभं राहून छातीशी धरा. दोन-तीन मिनिटांत ओसरलं नाही तर पाजा आणि त्या रात्रीचा प्रयत्न संपला म्हणा.

वीस मिनिटं रडू देऊन मग पाजणं मात्र सगळ्यांत वाईट. त्यातून बाळ एवढंच शिकतं की वीस मिनिटं रडलं की मिळतं. द्यायचंच असेल तर लवकर द्या. किती वेळ थांबायचं ते दिवसा ठरवा, कारण रात्री तीन वाजता कोणालाही काही ठरवता येत नाही.

तिसरा आठवडा : पाजणं पुढे सरकवणं

बाळ दहा-वीस मोजेपर्यंत स्तनाशिवाय डोळे मिटायला लागलं की क्रम बदला. आतापर्यंत लंगोट, कपडे, दिवा बंद आणि मग पाजणं असं असेल, तर आता मंद उजेडात पाजणं, मग लंगोट बदलणं, दात आले असतील तर ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने पुसणं, मग अंधार, अंगाई, थापटणं. पाजण्यानंतरचं हे मधलं काम पाच मिनिटांचं असलं तरी पुरे. वर्षानंतर रात्रभर दूध तोंडात राहिल्याने पुढचे दात किडण्याचा धोका असतो, तोही यामुळे कमी होतो.

मधल्या कामात बाळ टक्क जागं झालं तर समजा की झोपायची वेळ चुकली. आठ-नऊ महिन्यांचं बाळ दुपारची शेवटची झोप संपल्यापासून साधारण तीन ते साडेतीन तासांनी झोपेला येतं. संध्याकाळी सातला डुलकी काढलेल्या बाळाला नऊला झोपवायला गेलात तर कुठलीच पद्धत चालणार नाही. आणि फार उशीर झाला, बाळ डोळे चोळून चोळून आता खिदळायला लागलं, तरीही नाही.

मध्यरात्रीची जागरणं : एक उदाहरण

समजा, नऊ महिन्यांचं बाळ आहे. साडेनऊला पाजून झोपतं. कागदावर जागरणं अशी : पावणेअकरा, साडेबारा, सव्वादोन, पावणेचार, सव्वापाच. सव्वादोनला दहा मिनिटं घोट ऐकू येतात, सव्वापाचलाही. बाकी तीन वेळा तीन मिनिटांची नुसती थरथर. म्हणजे सव्वादोन आणि सव्वापाचच्या पाजण्या ठेवायच्या.

पहिले तीन आठवडे फक्त साडेनऊच्या झोपवण्यावर काम. रात्रीची पाचही जागरणं पूर्वीसारखी, पाजून. एवढ्यानेच पावणेअकराचं जागरण कित्येकदा आपोआप जातं, कारण बाळ आता ज्या अवस्थेत झोपलं त्याच अवस्थेत पहिल्या आवर्तनातून बाहेर येतं. गेलं नाही, तर चौथ्या आठवड्यात तेवढं एकच जागरण घ्या. चाहूल लागली की उडी मारू नका. बाळ झोपेतही कण्हतं आणि आपण उचलून त्याला जागं करतो. अर्धा-एक मिनिट थांबा. खरंच उठलं असेल तर शक्यतो बाबाने जवळ जाऊन तीच अंगाई, तेच थापटणं करावं. आई शेजारी झोपलेली असेल तर दुधाच्या वासाने बाळ तिकडे वळतं, म्हणून त्या आठवड्यात बाबाने मधे झोपावं किंवा आईने पहिल्या रात्रपाळीपुरतं दुसऱ्या खोलीत. रडणं सुरू झालं तर आईने पाजावं, वाद न घालता.

ते स्थिरावलं की साडेबारा, मग पावणेचार. पावणेचारचं सगळ्यांत चिवट. ते महिनाभर राहिलं तरी चिंता नको.

बाळ वर्षाचं होऊन वजन-खाणं ठीक असेल आणि भुकेची पाजणीही कमी करायची असेल, तर ती मिनिटांनी कमी करा. दहा मिनिटांची असेल तर दोन रात्री आठ, पुढच्या दोन रात्री सहा, मग चार. चारवर आली की तिच्या जागी थापटणं. यात आईच्या अंगालाही वेळ मिळतो. एकदम बंद केल्यास स्तन दगडासारखे होतात. तसे झालेच तर हाताने थोडंसंच दूध काढा, आराम पडेल इतकंच. सगळं रिकामं केलं तर शरीर तितकंच परत तयार करतं. एखादी जागा लाल, गरम, दुखरी झाली आणि ताप आला, तर घरगुती उपायांवर दोन दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाटलीने झोपणाऱ्या बाळाला हाच क्रम लागतो, फक्त मिनिटांऐवजी मापाने : दर दोन-तीन रात्रींनी ३० मिलीलिटर कमी. पावडरीच्या दुधात पाणी वाढवून ‘पातळ’ करू नका. माप तेच ठेवून एकूण दूध कमी करायचं. आणि बाटली अंथरुणात टेकवून ठेवायची नाही.

दीड वर्षाच्या पुढचं बाळ

त्याला शब्द कळतात, ही मोठी सोय. दिवसा, हसतखेळत सांगा : ‘रात्री दुदू गाई गाई करतं, सूर्य आला की दुदू उठतं.’ खिडकीतला उजेड दाखवा आणि उजेड झाल्यावर खरंच, न मागता, लगेच पाजा. ते वचन तीन-चार सकाळी पाळलं गेलं की रात्रीचं ‘नाही’ बाळ सोसतं. निषेध मात्र जोरात करतं, कारण त्यालाही आता बोलता येतं.

दुपारची झोप आणि आजी

दिवसाची झोप शेवटी घ्या. तेव्हा झोपेची ओढ कमी असते, कुकर, दाराची घंटा, टीव्ही सगळं चालू असतं. आजी झोपवणार असेल तर पहिले चार-पाच दिवस आईने घरात असतानाच तिला झोपवू द्यावं, आणि आईने खरोखर दुसऱ्या खोलीत जावं, दाराआडून डोकावू नये. आजीची पद्धत वेगळी असेल, मांडीवर आडवं घेऊन गुडघे हलवण्याची, तर राहू द्या. बाळ माणसागणिक वेगळी रीत शिकतं. आईबरोबर थापटणं, आजीबरोबर मांडी, यात त्याचा गोंधळ होत नाही. पंचवीस-तीस मिनिटांत बाळ उठलं तर तेही पुरेसं धरा आणि संध्याकाळची झोप त्या दिवशी थोडी लवकर घ्या.

सगळं बसलं असताना सर्दी होते. नाक चोंदलेलं बाळ रात्रभर छातीला चिकटतं, आणि ते चार दिवस त्याला हवं तेवढं पाजावं. बरं झाल्यावर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. करंगळीच्या टप्प्यावर परत या. पहिल्यांदा जे दहा-बारा रात्रींत जमलं ते आता बहुधा तीन-चार रात्रींत जमतं. पण सर्दी नसतानाही बाळ घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, किंवा रात्रभर पाय झाडत अस्वस्थ झोपत असेल, तर ते पाजण्याच्या सवयीमुळे नसावं. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड, कान आणि शरीरातलं लोह, हे तिन्ही बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि तोवर थापटण्याचे प्रयोग थांबवा.